ओट्यावर राहिलेले पार्सल
(खामगाव येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने बोलण्याची आज्ञा केली, परंतु विषय मात्र आमच्यावर सोपविला. गेल्या वर्षभरात आपल्या ज्ञातीतील जितक्या घरी आमचे जाणे झाले, तितक्या घरी एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आमच्या कानी आला. हॉटेलातून आणलेले जेवण ओट्यावर तसेच राहिले, मंडळी उशिरा आली, आता ते खावे की टाकावे? घरची गृहिणी टाकू पाहते, सासूबाई म्हणतात की आम्ही आयुष्यभर शिळे खाल्ले, आणि मुलगा म्हणतो की गरम करून घेऊ, म्हणजे झाले. या तिघांत खरे कोणाचे, हा आजचा विषय. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, व आयुष्य प्राथमिक शाळेत गणित व शास्त्र शिकविण्यात गेले. तथापि या प्रश्नाचा अर्धा भाग गणिताचाच असल्यामुळे तो आम्ही हाती घेतला आहे.

आपल्या जिल्ह्यातील एक गोष्ट पुष्कळांच्या स्मरणात असेल. २०२४ च्या फेब्रुवारीत लोणार तालुक्यातील सोमठाणा या गावी सप्ताहाच्या कार्यक्रमात एकादशीचा प्रसाद घेतल्यावर शेकडो माणसांना उलट्या व जुलाब सुरू झाले. रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा उघड्यावर दोर बांधून त्यांना सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. ती छायाचित्रे देशभर छापून आली. परंतु एकाच घरातील चार माणसे रात्रीचे पार्सल खाऊन आजारी पडली, तर त्याची बातमी कोठेच होत नाही. ती मंडळी "काहीतरी बाधले" एवढे म्हणून दोन दिवस पडून राहतात, आणि नेमके कशाने बाधले याचा शोध कोणी घेत नाही. म्हणून मोठ्या पंगतीची गोष्ट बाजूस ठेवून आम्ही या लहान प्रसंगाचाच विचार करणार आहो. त्यातही सर्व पदार्थ न घेता मुख्यतः भात घेऊ. कारण पार्सलात तो बहुधा असतोच, आणि सर्वांत फसवा पदार्थही तोच आहे.

भात फसवा कसा, ते सांगतो. शेतातील मातीत बॅसिलस सिरियस नावाचा एक सूक्ष्म जंतू राहतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती कठीण कवच करून निजून राहतो. या निद्रिस्त रूपास बीजाणू म्हणतात. धान्याबरोबर हे बीजाणू आपल्या घरी येतात. तांदूळ कितीही धुतला तरी ते सर्व जात नाहीत, आणि पाणी उकळले तरी सर्व मरत नाहीत. उलट उकळण्याच्या उष्णतेने त्यांची झोप मोडते. पुढे भात निवू लागला, कोमट झाला, की बीजाणूंतून जंतू बाहेर पडतात व वाढू लागतात. शिजलेला भात म्हणजे त्यांना ओलावा, अन्न व ऊब या तिन्हींची मेजवानीच होय. त्यांच्यातील काही जाती वाढताना भातात एक विष सोडतात. या विषाची गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. त्यास वास नाही, रंग नाही, चव नाही. आणि १२१ अंश सेल्सिअस उष्णतेत दीड तास ठेवले तरी ते नष्ट होत नाही, असे प्रयोगांती दिसून आले आहे. आपल्या घरच्या कुकरची उष्णताही साधारण तेवढीच असते. सबब, एकदा विष तयार झाल्यावर तो भात तव्यावर परता, कुकरात घाला, अथवा वाफेवर ठेवा, विष जेथल्या तेथेच राहणार. चिरंजीवांचे "गरम करून घेऊ" हे म्हणणे येथे लटके पडते.

ही गोष्ट जगाला प्रथम ठळकपणे कळली ती इंग्लंडातील चिनी पद्धतीच्या हॉटेलांमुळे. १९७१ पासून तेथे फ्राइड राइस खाल्लेल्या माणसांना एक ते सहा तासांत उलट्या होत असल्याचे अनेक प्रसंग नोंदले गेले. चौकशी केली तेव्हा निघाले ते असे. हॉटेलवाले दुपारीच मोठ्या प्रमाणात भात शिजवून तो निथळत ठेवीत, कधी रात्रभरही ठेवीत. थंड कपाटात ठेवल्यास भाताचे गोळे होतात व परतताना शिते सुटी होत नाहीत, म्हणून तो बाहेरच राही. मग गिऱ्हाईक आले म्हणजे तेलावर दोन-तीन मिनिटे परतून वाढीत. परतण्याने जिवंत जंतू मरत, पण आधी झालेले विष कायम राही. आज आपल्या गावीही फ्राइड राइसच्या गाड्या जागोजागी दिसतात. सुटा मोकळा भात हवा असेल तर तो आधी शिजवून निववावाच लागतो. त्यात कोणाची लबाडी नाही, तो त्या पदार्थाचा धर्मच आहे. फक्त निववलेला भात पुढे कोठे आणि किती वेळ राहिला, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर पार्सलाच्या डब्यावर लिहिलेले नसते.

आता एक उदाहरण सोडवून पाहू. समजा, वैशाखाचा महिना आहे. मुंबईहून निघालेली लेक, जावई व नातवंडे रात्री शेगाव स्टेशनावर उतरून येणार आहेत. गाडी वेळेवर येईल या हिशेबाने घरच्यांनी सव्वानऊला हॉटेलातून फ्राइड राइस, शेवभाजी, पनीरची भाजी व रोट्या मागविल्या. साडेनऊला डबे ओट्यावर आले. गाडीला उशीर झाला आणि पाहुणे घरी पोचले ते सव्वा वाजता. आमच्या खामगावी वैशाखात रात्रीदेखील स्वयंपाकघरातील पारा पुष्कळदा ३२ अंशांच्या खाली येत नाही, हे आपणांस सांगावयास नको.

प्रथम घड्याळ पाहू. आपण म्हणतो की जेवण साडेनऊपासून ओट्यावर आहे. वास्तविक घड्याळ सुरू झाले ते पदार्थ चुलीवरून उतरला तेव्हा, म्हणजे नऊच्या सुमारास. आणि भाताचे तर त्याच्याही आधी, संध्याकाळी तो शिजून निवत पडला तेव्हा. हॉटेलात गेलेला वेळ, दुचाकीवर गेलेला वेळ आणि ओट्यावर गेलेला वेळ या तिन्हींची बेरीज करावयाची असते. लोक फक्त तिसरा आकडा मोजतात.

आता वाढीचे गणित. हे जंतू उबेत साधारण दर अर्ध्या तासास दुप्पट होतात. आरंभी काही वेळ ते स्थिर असतात, तो आपण सोयीसाठी सोडून देऊ. समजा, एक ग्रॅम भातात, म्हणजे चिमूटभर शितांत, आरंभी १०० जंतू आहेत. दोन तासांत चार वेळा दुप्पट होऊन ते १,६०० होतात. चार तासांत आठ वेळा दुप्पट होऊन २५,६०० होतात. येथपर्यंत आकडा फारसा भयंकर वाटत नाही. परंतु तोच डबा सकाळी सातपर्यंत, म्हणजे दहा तास राहिला, तर वीस वेळा दुप्पट होऊन तो आकडा १० कोटींवर जातो. बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या कणांची कथा आमच्या विद्यार्थ्यांना पाठ असे, तिचाच हा प्रकार. मनुष्यास बाधण्याजोगे विष बहुधा ग्रॅममागे लाखाच्या पुढे जंतू गेल्यावर होते. म्हणजे दोन तास व दहा तास यांतील अंतर पाचपट नव्हे, ते हजारोपट आहे. "काल चार तास राहिले होते, काही झाले नाही, आज आठ तास राहिले, काय होते" हे तर्कशास्त्र म्हणूनच खोटे ठरते.

मग सव्वा वाजता त्या पाहुण्यांनी काय करावे? जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये घरोघरी लावण्याजोगे पाच नियमांचे एक पत्रक काढले. त्यात शिजलेले अन्न साध्या हवेत दोन तासांहून अधिक ठेवू नये असे सांगितले आहे. अमेरिकेत हाच नियम असून हवा ३२ अंशांहून उष्ण असेल तर एकच तास धरावा असे तेथील सरकार सांगते. ऑस्ट्रेलियात थोडा निराळा हिशेब आहे: एकूण दोन तासांच्या आत असेल तर खावे किंवा थंड कपाटात ठेवावे, दोन ते चार तासांत असेल तर लागलीच खाऊन संपवावे, साठवू नये, चार तास उलटले की टाकावे. नियम दोन दिसले तरी त्यांत विरोध नाही. दोन तास ही सावधपणाची मर्यादा आहे आणि चार तास ही शेवटची. आमच्या उदाहरणात नऊ ते सव्वा वाजेपर्यंत सव्वाचार तास झाले, हवा उष्ण आहे, आणि भाताचा संध्याकाळचा वेळ तर आपल्याला ठाऊकच नाही. म्हणून भात टाकावा, हे आमचे स्पष्ट मत. तो खाल्लाच असता तर बहुधा काही झालेही नसते, हे आम्ही मान्य करतो. पण त्या ताटावर नातवंडे बसणार आहेत, आणि "बहुधा" हा शब्द मुलांच्या ताटात वाढण्याजोगा नव्हे.

शेवभाजी व पनीरचे काय? येथे दुसरे दोन जंतू लक्षात घ्यावे लागतात. दाट रश्शाच्या, विशेषतः मटणाच्या किंवा डाळीच्या मोठ्या भांड्याच्या पोटात, जेथे हवा पोचत नाही तेथे, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू वाढतो. त्याचेही बीजाणू उकळण्याने मरत नाहीत. त्यास ४३ ते ४७ अंशांची ऊब सर्वांत मानवते, आणि त्या उबेत तो दहा-बारा मिनिटांतच दुप्पट होऊ शकतो. मात्र याचे विष अन्नात न होता जंतू पोटात गेल्यावर आतड्यात होते. म्हणून रस्सा मध्यापर्यंत खळखळून उकळला तर येथे पुष्कळ बचाव होतो. गरम करण्याचा उपाय खरा कोठे लागू पडत असेल तर तो येथे. दुसरा जंतू माणसाच्या हातांवर, नाकात व पिकलेल्या जखमांत असतो. त्याचे नाव स्टॅफिलोकॉकस. शिजल्यानंतर हात लागलेले पदार्थ, उदाहरणार्थ वरून पेरलेले पनीर, खव्याची मिठाई, चिरलेले उकडलेले बटाटे, हे त्याचे आवडते स्थान. त्याचे विषही उकळून जात नाही. तेव्हा एकाच पार्सलात एक पदार्थ उकळून सुधारण्याजोगा आणि दोन न सुधारण्याजोगे असू शकतात. डोळ्यांनी ते ओळखता येत नाहीत.

येथे नाकाविषयी बोलले पाहिजे, कारण आमच्या भगिनींचा सर्व भरवसा नाकावर असतो. वरणाला तार सुटली, भाजीला आंबूस वास आला, भात बुळबुळीत झाला, म्हणजे अन्न विटले, हे खरेच आहे आणि ते टाकलेच पाहिजे. परंतु अन्न विटविणारे जंतू निराळे आणि माणसास आजारी पाडणारे निराळे. पुष्कळदा दुसरे आपले काम पुरे करतात तेव्हा पहिल्यांनी सुरुवातही केलेली नसते. वास आला तर टाका, हा नियम बरोबर. वास आला नाही म्हणून खा, हा नियम चूक.

सासूबाईंचे म्हणणे आम्ही विसरलो नाही, व ते हसण्यावारी नेण्याजोगेही नाही. आपल्याकडे शिळी भाकरी सकाळी खाण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. परंतु तव्यावर भाजलेल्या भाकरीत ओल थोडी असते, विशेषतः वरच्या पापुद्र्यात. तेथे जंतूंचे चालत नाही. लोणचे, पापड, चिवडा, शेगावची कचोरी यांचेही तसेच. मीठ, तेल व कोरडेपणा त्यांना राखतो. दही-भात आंबट असतो, आणि आंबटपणात हे जंतू नीट वाढत नाहीत. फोडणीचा भात मात्र खरोखरच जोखमीचा. पूर्वी तो खपून गेला याची कारणे दोन. भात एका वेळेपुरता शिजे, उरे तो थोडा, व थोडा भात लवकर निवतो. आणि सर्वच जाती विषारी नसल्यामुळे पुष्कळदा नशीब साथ देई. त्या काळी मुलांना "पोट बिघडले" हे इतके नित्याचे होते की त्याचे कारण कोणी रात्रीच्या भातात शोधलेच नाही. पार्सलाची गोष्ट निराळी. प्लॅस्टिकच्या डब्यात ऊन ऊन भात दाबून भरला, वर घट्ट झाकण लावले, आणि चार डबे एकावर एक रचून पिशवीत ठेवले, म्हणजे मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. जंतू वाढविण्यासाठी प्रयोगशाळेतही याहून निराळी व्यवस्था करीत नाहीत.

अतिरेकाचे एक उदाहरण देतो, भीती घालावी म्हणून नव्हे, मर्यादा कळावी म्हणून. २००८ साली बेल्जममधील ब्रसेल्स शहरी एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने टोमॅटोचा रस्सा घातलेल्या शेवया स्वयंपाकघरात पाच दिवस उघड्या ठेवून मग गरम करून खाल्ल्या. अर्ध्या तासात त्रास सुरू झाला आणि त्याच रात्री झोपेत त्याचा मृत्यू झाला. वर सांगितलेल्या भातातील विषाने त्याचे यकृत निकामी केले होते. डॉक्टरांनी २०११ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ते पाच दिवस होते, पाच तास नव्हे. आणि असे प्रसंग विरळा. बहुतेकांना एक दिवस उलट्या होऊन बरे वाटते. परंतु ते शेवयाचे भांडे त्याने गरम केले होते, एवढे लक्षात असू द्यावे.

आजार झालाच तर घड्याळावरून पुष्कळ कळते. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत मुख्यतः उलट्या झाल्या, तर भातातील किंवा हाताचे तयार विष असावे. आठ ते सोळा तासांनी पोटात कळा येऊन जुलाब झाले, तर रश्शातील जंतू असावा. आपण नेहमी सर्वांत शेवटच्या जेवणास दोष देतो. सकाळच्या जुलाबाचे मूळ पुष्कळदा आदल्या रात्रीच्या ताटात असते. पाणी कमी पडू देऊ नये. एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट व मिठाचा अर्धा चहाचा चमचा घालून घोट घोट पाजावे. लहान मूल, म्हातारे माणूस, गर्भिणी किंवा मधुमेही असेल, मल रक्तमिश्रित असेल, लघवी बंद झाली असेल किंवा माणूस ग्लानीत जात असेल, तर घरी वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आता पाहुण्यांच्या घरच्यांनी साडेनऊला काय करावयास हवे होते, ते सांगून टाकतो. गाडीला उशीर झाल्याचे कळताच डबे उघडावयाचे. भात परातीत दोन बोटांहून पातळ पसरावयाचा, भाज्या उथळ भांड्यांत ओतावयाच्या, म्हणजे वाफ लवकर निघून जाते. अर्ध्या-पाऊण तासात कोमट झाले की झाकून फ्रिजमध्ये. "ऊन पदार्थ फ्रिजमध्ये ठेवू नये" या समजुतीपायी लोक डबा मध्यरात्रीपर्यंत बाहेर ठेवतात. पातळ पसरून कोमट केलेला पदार्थ ठेवण्यास काहीच हरकत नाही. फ्रिजमधील उष्णता पाच अंशांच्या खाली असावी. वीज गेली आणि दार बंद ठेवले तर साधारण चार तास थंडावा टिकतो. दार वारंवार उघडून पाहिले तर टिकत नाही. असा ठेवलेला भात दुसऱ्या दिवसापर्यंतच वापरावा, एकदाच गरम करावा, आणि मध्यापर्यंत वाफ निघेल इतका करावा. पुष्कळ भगिनी विचारतात की गरम राहणारे डबे चालतील काय. त्या डब्याने अन्न गरम होत नाही, फक्त हळू निवते. साठ अंशांच्या वर राहिले तोवर निर्धास्त असावे. परंतु दोन-तीन तासांनी ते चाळीस-पंचेचाळीसवर येऊन तेथेच रेंगाळले, तर तो डबा परफ्रिंजेन्सला पाळणा झाला म्हणावयाचा. जेवताना पदार्थ हातास चटका देईनासा झाला असेल, तर डबा निकामी झाला असे समजावे.

केरळात पार्सलाविषयी २०२३ च्या जानेवारीत सरकारने एक नियम केला: पार्सलावर पदार्थ तयार केल्याची तारीख व वेळ, आणि किती वाजेपर्यंत खावा हे लिहिलेली चिठ्ठी असलीच पाहिजे. आम्हांस हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. आमच्याकडे चिठ्ठी मिळाली नाही तरी विचारावयास कोणी मनाई केलेली नाही. "भात केव्हा शिजविला?" हा प्रश्न गल्ल्यावर विचारण्यात संकोच कशाला? आम्ही विचारतो. काही हॉटेलवाले हसतात, काही नीट सांगतात, आणि एका ठिकाणी आचाऱ्याने थांबावयास सांगून नवा भात लावला.

टाकण्याविषयी एक शब्द. अन्न टाकताना आपल्या बायकांचा हात अडतो, आणि तो अडावा असेच संस्कार आहेत. पण त्या अडलेल्या हाताने तोच डबा सकाळी धुणेभांडी करणाऱ्या बाईच्या हाती दिला जातो, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे, व ते आम्हांस मुळीच आवडत नाही. आपल्या मुलांना जे द्यावयास आपण धजत नाही ते तिच्या मुलांना कसे द्यावे? द्यावयाचे असेल तर रात्री दहाच्या आतच, ऊन असताना, शेजारी द्यावे. त्याहून सोपे म्हणजे पाहुणे दारात आल्यावर मागवावे. आणि रात्री एकला हॉटेल उघडे नसेल, तर खिचडी शिजावयास अर्धा तास पुरतो.

भाषण संपल्यावर एका भगिनीने विचारले की त्या पार्सलातील रोट्यांचे काय. रोट्या कोरड्या असल्या, त्यांवर लोणी किंवा ओली चटणी नसली, व रश्शाचा थेंब पडलेला नसला, तर पाहुण्यांनी त्या शेकून खाण्यास आमची हरकत नाही. सोबत घरचे लोणचे चालेल.